बटण आधी की मोटर आधी

नव्वदीच्या दशकात भिलाईतल्या एका कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये मी इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मोजमापाच्या यंत्रणांच्या विभागात, होते. त्या चौकशीची आठवण आली की मला आजही शिसारी येते.

मिल बंद पडली की पहिला प्रश्न एकच असे, डिले, म्हणजे वाया गेलेला वेळ, कुणाच्या नावावर? त्या दिवशी काचेच्या केबिनमधल्या ऑपरेटरनं स्टॉपचं बटण दाबलं होतं. भंडाऱ्याकडचा माणूस, सरळ. मोटर आधी ट्रिप होऊन आपोआप बंद पडली म्हणून दाबलं, असं तो सांगत होता. पण बटणाची नोंद एका कॉम्प्युटरवर, मोटरची दुसऱ्यावर, आणि दोन्ही कागदांनुसार बटण काही मिलिसेकंद आधीचं. मोटर ज्यांच्या ताब्यात, त्या इलेक्ट्रिकलच्या साहेबांनी हात झटकले. ऑपरेटरची वेतनवाढ रोखली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मला त्या मिलिसेकंदांवर विश्वास नव्हता. दोन्ही कॉम्प्युटर केबलवरून एकमेकांना निरोप पाठवून घड्याळं जुळवत. निरोप आल्याची वेळ प्रोग्राम लिहायचा, तीही सवड मिळाली की. गेटवर आलेल्या माणसाची हजेरी बाबूनं चहा संपवून मांडावी, तसं. एका बाजूचा कॉम्प्युटर अलार्मची यादी छापण्यात गुंतला की तिकडचा उशीर वाढायचा. हिशेब मात्र जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागतो असं धरून चालायचा, आणि घड्याळ चुकीचं जुळायचं.

मी चाचणीसाठी दोन नवी नेटवर्क कार्डं मागवली. निरोप कार्डातून जाता-येताच त्या क्षणाची वेळ कार्ड स्वतः टिपून ठेवी. प्रोग्रामनं ती नंतर कधीही वाचावी, उशीर हिशेबात येत नसे.

चौकशी कमिटीसमोर एकच बटण दोन्ही कॉम्प्युटरना जोडलं. जुन्या पद्धतीनं, प्रिंटर चालू असताना, बटण एकदाच दाबूनही दोन कॉम्प्युटरवर दोन वेगवेगळ्या वेळा आल्या. ज्या फरकावरून ऑपरेटरला दोषी धरलं, त्याहून हा फरक मोठा होता. कार्डं लावल्यावर प्रिंटर कितीही खडखडला तरी दोन्हीकडे तीच वेळ.

"छान," अध्यक्ष समोसा मोडत म्हणाले. "पण त्या दिवशी ही कार्डं नव्हती. त्या दिवसाचं काहीच सिद्ध होत नाही."

"मग त्याचा दोष तरी कुठे सिद्ध होतो?"

"मॅडम, ऑर्डर निघून गेली आहे."

एवढं बोलून त्यांनी चटणी मागितली. इतका वीट मला कुणाचाच आला नव्हता.

कार्डं विकत घेतली गेली. नारळ फोडला, फोटोवाला आला. उद्घाटनाचं बटण दाबायला साहेबांनी त्याच ऑपरेटरला पुढे केलं, कामगारांचा सहभाग दिसावा म्हणून. त्याची वाढ अजून रोखलेलीच होती. त्यानं बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"ताई, आता दाबू ना? मोटर चालूच हाय, पाहून घ्या तुमी."