सरांना विचारून सांगतो

कंपनीने कारखान्यातली आमची उत्पादनाची लाइन बंद केली आणि मी घरी आलो. तोवर माझी ओळख द्यायला मला कधी तोंड उघडावं लागलं नव्हतं. गळ्यातल्या कार्डावर सगळं लिहिलेलं असायचं: फोटो, विभाग, हुद्दा. मी सेफ्टी ऑफिसर होतो. कार्ड जमा केल्यावर वराळ्याच्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहा पिऊन झाला की पुढे काय करायचं हेच कळायचं नाही. नुसतं बसूनही माणूस दमतो, हे मला तेव्हा कळलं.

भाची एका कंपनीत माणसांच्या भरतीचं काम करते. ती म्हणाली, "मामा, ट्रेनिंग घ्यायला लागा. नोकरीधंद्याच्या साइटवर प्रोफाइल टाका, लोक आपोआप शोधत येतात." प्रोफाइल म्हणजे आपणच आपल्याबद्दल चार ओळी लिहायच्या.

मी बसलो लिहायला. आयुष्यभर अपघाताचे रिपोर्ट लिहिले, त्यात 'मी' कधी येत नाही. 'सदर कर्मचारी', 'संबंधित सुपरवायझर', 'असे आढळून आले.' त्याच हाताने मी इंग्रजीत लिहिलं, की ते औद्योगिक सुरक्षेतील अनुभवी प्रशिक्षक आहेत, त्यांनी अनेक कारखान्यांना मार्गदर्शन केलं आहे. अनेक म्हणजे आमचाच कारखाना आणि त्याचं शेजारचं गोडाऊन. पण वाचायला बरं वाटलं. खरं सांगायचं तर 'ते' लिहिलं की तो माणूस अजून कामावर जातोय असं वाटायचं. 'मी' लिहिलं की समोर बनियनवर बसलेला मीच दिसायचो.

काही दिवसांनी फोन आला. चाकणकडच्या कुठल्याशा कंपनीतली मुलगी होती. "सरांच्या ऑफिसमधून बोलताय का? सरांचं प्रोफाइल पाहिलं. कामगारांसाठी सेशन हवं होतं. सर आहेत का?"

आता यावर काय बोलायचं? 'मीच सर' म्हणायला जीभ वळेना. प्रोफाइलमधल्या त्या भारदस्त गृहस्थाने स्वतः फोन उचलावा, तोही मागे कुकरची शिट्टी होत असताना, हे मलाच पटेना.

"हो," मी म्हणालो. "सरांना विचारून सांगतो."

लगेच फोन केला तर सर रिकामटेकडे दिसतील म्हणून एक दिवस थांबलो. दुसऱ्या दिवशी फोन केला तर ती म्हणाली, "अहो, आम्हाला वाटलं सर फार बिझी असतील. दुसऱ्यांना बोलावलं." मी बरं म्हणून फोन ठेवला. बायको आतून विचारत होती, कोणाचा फोन. मी सांगितलं, बँकेचा.

भाचीला मात्र खरं सांगितलं. ती आधी हसली, मग वैतागली. "मामा, त्या साइटवर लोक तुमच्याशी बोलायला येतात. तिथे 'मी' लिहायचं. 'ते' कुठे? जिथे दुसरा कोणीतरी तुमच्याबद्दल सांगतोय तिथे. स्टेजवर ओळख करून देतात, कंपनीच्या साइटवर, माहितीपत्रकात. स्वतःच्याच दारावर उभं राहून 'साहेब आत आहेत' असं कोण सांगतं?"

मी सांगतो, हे मनात आलं.

सगळे 'ते' काढून 'मी' घातले. मजकूर उभा राहिला, पण शेवटी 'सध्या मी' लिहिलं की पुढे काही सुचेना. सध्या मी काय? दूध आणतो. ती ओळ पुसली आणि तसंच ठेवलं.

तेवढ्यात भाचीच्याच ओळखीने लोणावळ्याला एक काम मिळालं. एका ठेकेदार कंपनीने आपल्या कामगारांना रिसॉर्टच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. आयोजक म्हणाले, आवडलं तर दर महिन्याला ठेवू. आधी ओळखीचा मजकूर पाठवा. मी प्रोफाइलचाच मजकूर मराठीत करून पाठवला. भाचीने नीट समजावून सांगितलं होतं, तरी मी तोच पाठवला. त्या दिवसांत डोकं असंच चालायचं, एकदा हाताला लागलं ते सगळीकडे.

सूत्रसंचालनाला आयोजकांचाच एक अकाउंटंट होता. चौकटीचा शर्ट, वय फार तर पंचवीस. त्याने कागद उचलला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला, "मी गेली सत्तावीस वर्षं कारखान्यांतील सुरक्षेचं काम करत आहे."

मागून कोणीतरी ओरडलं, "आरं, जल्माच्या आदीपासनं का काय?"

हॉलमध्ये हशा पिकला. तो बिचारा थांबायचं सोडून आणखी वेगात वाचत राहिला. "मी शेकडो कामगारांना..." हसू आणखी वाढलं. मी माइक घेतला आणि म्हणालो की ते 'मी' म्हणजे मी. पुढचं सेशन बरं झालं, पण घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. निघताना आयोजक म्हणाले, "सर, नीट ओळख पाठवा. ती बघून वरचे लोक पुढचं ठरवतील."

घरी येऊन कागद घेऊन बसलो. 'ते' पुन्हा लिहायचं तर तो जुना भारदस्त गृहस्थ परत येणार, आणि त्याचा मला वीट आला होता. बायको मेथी निवडत होती. ती परंदवडी गावची. लग्न झाल्यापासून तिने माझं नाव घेतलेलं नाही; मी तिच्या बोलण्यात कायम 'हे'.

"मी सांगू का?" ती म्हणाली. "तुमी लिवा."

मी हसलो. ती हसली नाही.

"हे सेफ्टीला व्हते," ती सांगायला लागली. "शिफ्ट सुटली की गेटावर हुभं ऱ्हायचे. समदी मानसं भायेर पडल्याबिगर डबा उघडत न्हवते. एकाचं बोट गेलं, तवा हे चार दिस धड जेवले न्हाई. अजून ह्यांना झोपेत भोंगा ऐकू येतो."

माझा पेन थांबला. मी तिला हे कधीच सांगितलं नव्हतं. घरी परत आलेल्या डब्यावरून आणि माझ्या झोपेतल्या बडबडीवरून तिने ओळखलं असावं. माझ्याबद्दल बोलताना तिचा आवाज किती सरळ होता! मला एकदम रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. बोली बदलून, पण शब्द तिचेच ठेवून, मी तेवढंच आयोजकांना पाठवलं.

मग ती म्हणाली, "आन् ते फोनातलं वाचून दावा."

मी प्रोफाइल मराठीत करून वाचलं. ती मेथीच्या काड्या बाजूला सारत ऐकत राहिली.

"ह्यात तुमी घरी हाय ते न्हाई लिवलं."

"ते कशाला लिहायचं?"

"मंग लोकान्ला कसं कळंल, तुमी मोकळं हाय ते?" ती म्हणाली. "घरी बसलाय ह्यात चोरी हाय का कुनाची?"

मी प्रोफाइल पुन्हा उघडलं. मग लिहिलं, 'सध्या मी घरी आहे. मला काम हवं आहे.' इतक्या साध्या दोन ओळी, त्या इंग्रजीत करून साइटवर टाकल्या.

त्या आठवड्यात लोणावळ्याहून निरोप आला नाही. दुसऱ्याच नंबरवरून एक फोन आला. मागे कुकर वाजत होता, तो बायकोने धावत जाऊन बंद केला.

"प्रोफाइल पाहिलं," पलीकडचा माणूस म्हणाला. "सर आहेत का?"

बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"मीच बोलतोय," मी म्हणालो.