पंचशीलाची पंचेचाळीस मिनिटे

माझ्या रोजनिशीत ११ ऑक्टोबर १९९३, सोमवार, या तारखेखाली एकच ओळ आहे: "पंचशीला मेडिकलमध्ये अडकली." त्या दिवशी अधिक लिहायला मला सुचले नव्हते.

पंचशीला आमच्या समोरच्या घरात, पहिल्या मजल्यावर राहायची. तिच्या आजोबांनी महूच्या छावणीत नोकरी केली होती, आणि ती स्वतः एका सरकारी कचेरीत सहा वर्षे रोजंदारीवर टायपिंग करत होती. नवरा चांगदेव कापडाच्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, होता. मिल बंद पडून तेव्हा दोन वर्षे झाली होती. घरात सासू सखुबाई आणि दोन मुले. पाच माणसांचे पोट तिच्या बोटांवर चालत होते.

त्या महिन्यात कचेरीने तिला कायम करायचे ठरवले. फक्त डॉक्टरी तपासणी बाकी होती. लघवीत साखर निघाली, उपाशीपोटीची रक्तातली साखर एकशे सेहेचाळीस आणि रक्तदाब थोडा चढलेला. वय छत्तीस, वजन एकाहत्तर किलो. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'सध्या अपात्र' लिहिले आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितले. गोळ्या लगेच देत नाही, म्हणाल्या, आधी खाणे आणि चालणे सुधारा. तेव्हाही साखर निघाली तर जागा दुसरीला जाणार होती.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी शाळेत शिकवले होते, वेळापत्रके बनवण्यात माझा हात बसलेला होता.

"काकू, मला एक टाइमटेबल बनवून द्या ना," ती म्हणाली. "पण माझ्याकडे टाइम किती आहे ते आधी सांगते. सकाळी सव्वापाच ते सहा. उसके बाद मी माझी नाही."

"आणि वेगळा स्वयंपाक?"

"वेगळा कोण करणार? मी खाईन तेच सगळ्यांना खावं लागेल. आईंना पटलं तर पटलं."

मी नन्सच्या शाळेत शिकलेली, पट्टी घेऊनच बसले. डॉक्टरीणबाईंच्या सूचना समोर ठेवल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार पस्तीस मिनिटे झपाझप चालणे, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, म्हणजे नदीकाठच्या जुन्या समाध्यांपर्यंत, आणि परत. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग. राहिलेली दहा मिनिटे भाजी चिरायला. सोमवार, बुधवार, शुक्रवार घरातच ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, टाचा उचलणे. तीन फेऱ्या, वीस मिनिटे. उरलेल्या वेळात मूग भिजवणे, कणीक मळणे. रविवारी उकडलेल्या अंड्यांचा रस्सा आणि आठवड्याची तयारी. गव्हात जव आणि चणे मिसळून दळायचे. ताटात अर्धी जागा भाजी-काकडीची, पाव उसळ किंवा डाळ, पाव पोळी. पोह्यांत मोड आलेले मूग आणि शेंगदाणे भरपूर, शेव मुलांच्या ताटलीत. चहा बिनसाखरेचा. मला तो कागद फार सुबक वाटला.

सखुबाईंना तो वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "सून सकाळी घूमायला चालली. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, सखुबाईंची सून बारीक होतेय, सासू जेवू घालत नाही," पंचशीला म्हणाली. "तुमचीच बदनामी आहे, आई."

सखुबाई हसल्या, पण दुसऱ्या दिवशी जेवताना उसळ त्यांनी दुसऱ्यांदा घेतली नाही.

पहिला आठवडा उत्तम गेला. दुसऱ्या मंगळवारी पंचशीला चालायला आलीच नाही. मी खाली उतरून बघते तर ती नळावर. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड यायचे, पहाटे पाऊण तास, आणि आठवड्याला दिवस सात. पहिल्या आठवड्यात सोम, बुध, शुक्र, रवी पाणी आले; ते घरातल्या कामाचे वार, पाणी भरता भरता कसेबसे उरकले. दुसऱ्यात ते मंगळ, गुरू, शनीवर सरकले. माझे चालण्याचे सगळे वार नळाने गिळले. वर्षानुवर्षे त्याच नळाचे पाणी पिऊन मी हे विसरले होते.

शनिवारपर्यंत तिची चालण्याची एकही फेरी झाली नव्हती. वैतागून तिने चहात दोन चमचे साखर घातली आणि कप माझ्यासमोर ठेवला. "राहू द्या काकू. गरिबाचं शरीर नळाच्या हिशोबानं चालतं."

चांगदेवराव दारात बसलेले होते. मिल बंद झाल्यापासून ते फारसे बोलत नसत. माझा कागद त्यांनी हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"मॅडम, यात वार कशाला टाकले?" ते म्हणाले. "मिलमध्ये वार नसायचा. पाळी असायची. पाळी फिरते, माणूस तिच्यामागे जातो."

खडू आणून त्यांनी खाली नळाशेजारच्या पाण्याच्या ड्रमवर दोन रकाने आखले. नळाची पाळी, कोरडी पाळी. नळाच्या दिवशी धार बारीक, ड्रम भरायला वीस मिनिटे लागतात. तेवढ्यात नळाशेजारीच उठबस आणि भिंतीचे दंड. मग पाणी वर न्यायचे, पण कमरेवर एक घागर नाही. दोन्ही हातांत सारख्या, अर्ध्या भरलेल्या लहान बादल्या, पाठ ताठ. तोही व्यायामच. कोरड्या दिवशी चालणे. मुगाला मोड यायला दीड दिवस लागतो, म्हणून नळाच्या दिवशी भिजवायचे आणि पुढच्या नळाच्या दिवशी उसळ. कोरड्या दिवशी पालेभाजी आणि डाळ.

"आणि कणीक?" पंचशीलाने विचारले.

"ती माझी पाळी," ते म्हणाले. "हसू नको. सुतासाठी वळलेल्या कापसाच्या पेळूपेक्षा अवघड आहे का ती?"

त्यांनी लाटलेल्या पहिल्या पोळ्यांना कोपरे होते. मुलांनी त्या पोळ्यांना नकाशातल्या देशांची नावे दिली.

यानंतर जे मी पाहिले, ते मला आजही नीट लिहिता येत नाही. डिसेंबरच्या थंडीत पहाटे सव्वापाचला मी गॅलरीत उभी राही. खाली नळाची बारीक धार, आणि पदर कमरेला खोचून ती बाई स्टुलावरून उठते आहे, बसते आहे, उठते आहे. बारा. विसावा. पुन्हा बारा. नंतर भिंतीशी. मग दोन बादल्या घेऊन जिना. तीन आठवड्यांनंतर ती जिन्यात थांबेनाशी झाली. नळावरच्या बायका आधी हसल्या, मग त्यांच्यातल्या एकीने विचारले, "भाभी, किती वेळा करायचं?"

चालायच्या दिवशी मी तिच्याबरोबर थोडी जाई. छत्र्यांच्या अलीकडेच मला धाप लागे. "गाता येतंय का?" मी विचारी. "नाही," ती म्हणे, "पण तुम्हाला शिव्या देता येतात." आणि पुढे निघून जाई. घरात, कचेरीत, बसमध्ये सगळे तिच्याकडे काही ना काही मागत होते. त्या पाऊण तासात तिने कुणालाच काही दिले नाही. इतके हट्टाने स्वतःचे काही राखणारी बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. मला तर कधीच जमले नव्हते.

एकदा ती घसरलीही. कचेरीत कुणाच्या तरी बढतीची जिलबी आली, चार खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी जेवण सोडायला निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंचा शब्द मी आठवून दिला: चूक झाली तर उपास नाही, पुढची पाळी नेहमीसारखी. तिने ऐकले.

१२ जानेवारी, बुधवार. मी तिच्याबरोबर गेले. वजन सहासष्ट. लघवीत साखर नाही. उपाशीपोटी एकशे बारा. रक्तदाब ठीक. डॉक्टरीणबाईंनी आकडे दोनदा पाहिले, 'पात्र' लिहिले आणि सही केली. मग चष्म्यावरून म्हणाल्या, "रोग गेला नाही, बाई, मागे हटलाय. सोडलंत तर परत येईल."

"माहीत आहे," पंचशीला म्हणाली. तिने कागद पर्समध्ये ठेवला. बाहेर पायरीवर ती जरा बसली आणि चेहऱ्यावरून पदर फिरवला. मला वाटले रडेल. तिने विचारले, "काकू, आज कोरडा दिवस आहे ना? सकाळी इकडे यायच्या गडबडीत माझं चालणं राहिलं."

घर दोन किलोमीटर होते. आम्ही बस सोडली. पहिल्या चौकातच मी मागे पडले, आणि मागून तिला जाताना पाहत राहिले.