ओगुस्तीनच्या टेबलावरचा आठ नंबर

माझ्या सलूनच्या मागच्या खोलीत ओगुस्तीन बार्बारू भविष्य सांगायला पत्ते मांडून बसायची. मधे फक्त पडदा होता. पडदा कसला, जुनं जाड कापड. त्यातून वारा अडायचा, आवाज अडायचा नाही. मार्सेयमध्ये असा एकही माणूस नाही ज्याला शेजारचं बोलणं ऐकू येत असताना कान बंद ठेवता येतात, आणि मी काही वेगळी नाही. बारा वर्षांत त्या पडद्यामागे मी किती नवरे पळालेले, किती सुना छळलेल्या ऐकल्या, ते सांगत बसले तर माझ्या गिऱ्हाइकांचे केस वाळून जातील.

ओगुस्तीन दिसायला साधी. मांजरीच्या केसांनी भरलेला तोच तो करडा स्वेटर, चष्मा दोरीला. पत्त्यांच्या बायका म्हटलं की लोकांना डोक्याला फडकं, हातात कडी असं काहीतरी वाटतं. हिनं वीस वर्षं एका नोटरीच्या कचेरीत टंकलेखन केलं होतं. आमच्याकडे माणूस मेला की त्याचं घरदार वारसांत नोटरीच वाटून देतो. त्या वीस वर्षांत तिनं भावंडांचे इतके तंटे टाइप केले होते की माणसाचा चेहरा बघून ती सांगायची, याला घर हवंय की भावाला हरवायचंय.

ही गोष्ट एकोणऐंशीच्या मार्चमधली. दुपारी मी दुकान बंद करून जमिनीवरचे केस झाडत होते, तेवढ्यात इव्हेत रुमिय आली. मला न बघता सरळ पडद्यामागे गेली. हातातली पर्स तिनं खाली ठेवलीच नाही, मांडीवर घेऊन तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसली. एवढं मला फटीतून दिसलं.

इव्हेतचे वडील डिसेंबरात गेले. मागे समुद्रकाठच्या गूद वाडीतलं दोन खोल्यांचं घर आणि दोन मुलं. थोरला लाझार, साठीचा कोळी. त्यानं अकरा वर्षं म्हाताऱ्याचं हगणंमुतणं काढलं आणि अजून त्याच घरात राहतो. इव्हेत शहरात, तिचं मिठाईचं दुकान. बाईला घर विकायचं होतं. कायदा असा की दोघांच्या सामायिक घरात कुणालाही जबरदस्तीनं अडकवून ठेवता येत नाही. एकानं वाटणी मागितली आणि घराचे तुकडे होण्यासारखे नसले, तर कोर्ट त्याचा लिलाव करतं. दुसऱ्याला घर हवं असेल तर त्यानं पहिल्याचा हिस्सा विकत घ्यावा. लाझारकडे होडी आणि दम्याचा पंप सोडून काही नव्हतं.

"गुरुवारी नोटरीकडे जायचंय," इव्हेत म्हणाली. "मला फक्त एवढंच कळू द्या, न्याय माझ्या बाजूनं आहे की नाही."

"हा प्रश्न वेगळा आहे," ओगुस्तीन म्हणाली. "तुला विचारायचंय, गुरुवारी मी काय करू. तसं विचार."

"बरं, तसं."

ओगुस्तीन फक्त बावीस मोठे पत्ते वापरायची, मार्सेयची जुनी छपाई, कडा तेलकट झालेल्या. इव्हेतनं पिसले, डाव्या हातानं कापले. मग ओगुस्तीननं ते उपडे पंख्यासारखे पसरले आणि चार ओढायला लावले. पहिला डावीकडे, तो विचारणाऱ्याच्या बाजूचा. दुसरा उजवीकडे, तो विरुद्धचा. तिसरा वर, तो सल्ला. चौथा खाली, तो परिणाम. मधली जागा रिकामी, ती चारांची बेरीज करून भरायची.

पहिला उलटला. पापेस, म्हणजे बाई-पोप, दोन नंबर. मांडीवर उघडं पुस्तक घेऊन बसलेली बाई, मागे पडदा.

"तुझ्याकडे एक कागद आहे," ओगुस्तीन म्हणाली. "वाचलेला आहेस, पण कुणाला दाखवलेला नाहीस."

मला इव्हेतची खुर्ची करकरल्याचा आवाज आला.

दुसरा उलटला आणि इव्हेतचा श्वास सुटला. न्याय. समोर तोंड करून बसलेली राणी, उजव्या हातात ताठ तलवार, डाव्यात तराजू. इव्हेत म्हणाली, "आला. बघा. मी सांगत होते ना."

"कुठे आलाय ते बघ आधी. उजवीकडे. तिथे तुझ्या विरुद्ध असणारं बसतं."

"विरुद्ध म्हणजे लाझारच्या विरुद्ध."

"पत्ते लाझारनं नाही ओढले, तू ओढलेस. आणि ही कोर्टाच्या दारावरची डोळे बांधलेली बाई नाही. हिचे डोळे उघडे आहेत, आपल्याकडेच बघतेय. तराजूत मोजते आणि तलवारीनं कापते, दोन्ही एकाच बैठकीत. इथे ती म्हणतेय, तू जे मागतेस ते तराजूत टाकलंस तर तुझंच पारडं हलकं ठरेल."

"पुढचे उलटा," इव्हेत म्हणाली. आवाज चढला होता.

वरचा, दिवा घेतलेला म्हातारा संन्यासी, नऊ नंबर. खालचा, कोसळता बुरूज, सोळा. त्यातून दोन माणसं डोक्यावर पडतात.

"सल्ला देणारा म्हातारा आहे," ओगुस्तीन हळूहळू म्हणाली. "बाप म्हण. त्यानं दिवा धरलाय, म्हणजे तो काहीतरी दाखवतोय. आणि तू ते बघितलं नाहीस, तर शेवटी घर पडतं आणि माणसं पडतात."

"बेरीज करा." इव्हेतला आता त्या चार पत्त्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ओगुस्तीननं पत्त्यांवरचे आकडे मिळवले. "दोन आणि आठ दहा, एकोणीस, पस्तीस. बावीसपेक्षा जास्त, म्हणून तीन आणि पाच. आठ."

इव्हेत लगेच म्हणाली, "माझ्या घरीही आठच आला होता. आठ म्हणजे शक्ती, सिंहाचा जबडा उघडणारी बाई. धीर धरा, जिंकाल. मासिकात स्पष्ट दिलंय, जपून ठेवलंय मी ते पान."

इथे मी झाडू भिंतीला टेकवला.

"कुठल्या मासिकात?" ओगुस्तीननं विचारलं.

"ते डॉक्टरच्या खोलीत असतं ते. मी तुमच्यासारखेच पत्ते घेतले आणि त्या यादीवरून वाचले."

"ती यादी इंग्रजांच्या पत्त्यांची आहे, पोरी. त्यांनी मागे या दोघींची अदलाबदल केली. त्यांच्याकडे शक्ती आठ, न्याय अकरा. आपल्याकडे शक्ती अकरा." ओगुस्तीननं बोट ठेवल्याचा टक् आवाज आला. "आठ ही. बघ, वर रोमन अंक छापलेत. ती आधीच टेबलावर आहे. मधे दुसरा पत्ता ठेवताच येत नाही, कारण बेरीज पुन्हा तिच्यावरच येतेय. म्हणजे सगळ्याचं सार तीच, आणि ती तुझ्या विरुद्ध बसलेली."

मी खोटं का बोलू, मला त्या क्षणी आनंद झाला. मला ती बाई आवडत नव्हती. स्वतःच्या भावाला उघड्यावर काढायला निघालेली बाई चुकीच्या यादीवर उडत होती, हे बघून मला हसू दाबावं लागलं.

मग पर्सची कडी उघडल्याचा आवाज आला आणि हसू गेलं.

"हा घ्या," इव्हेत म्हणाली. "बाबांच्या बिस्किटांच्या डब्यात होता. त्यांच्याच हातचा. घर लाझारला, बाकी जे उरेल ते मला. तारीख आहे, सही आहे. सगळा हातानं लिहिलेला."

"म्हणजे कायद्यानं चालणारं मृत्युपत्र आहे."

"माझं लहानपण त्या घरात गेलं. त्याला होडी दिली, मला शिवणयंत्र. आता घरही त्याला? मी तीन महिने झोपलेली नाही." ती रडत होती, पण रडण्यातही दात आवळलेले. "चूल पेटवून हा तिच्यात टाकू की नको, एवढं सांगा. पैसे दुप्पट देते."

"ठेव तो पर्समध्ये. मी बघितला नाही."

"तुम्ही बघितलात."

"मी पत्ते बघितले. वीस वर्षं नोटरीकडे होते म्हणून एक सांगते, पत्त्यांचं नव्हे. तो गुरुवारी तुला विचारील, मृत व्यक्तीनं काही लिहून ठेवलंय का. तू नाही म्हणालीस, आणि नंतर उघड झालं, तर ज्या मालमत्तेचा कागद लपवलास तिच्यातला तुझा वाटा जातो. आणि दिलास तरी बाप तुला उपाशी ठेवू शकत नाही, मुलांचा राखीव हिस्सा कायद्यानं काढता येत नाही. बुडणार नाहीस."

"पुन्हा मांडा," इव्हेत म्हणाली. "एकदाच."

"एकाच प्रश्नाला दुसऱ्यांदा पत्ते मांडत नाही. उत्तर आवडेपर्यंत विचारणं म्हणजे पत्त्यांना लाच देणं."

इव्हेत पडदा झटकून बाहेर आली. डोळे लाल, पर्स पोटाशी. तिला मी तिथे असल्याचं माहीत होतं की नाही देव जाणे. दार एवढ्या जोरात आपटलं की कंगव्यांचा डबा खाली पडला.

"मी लाझारला फोन करते," मी ओगुस्तीनला म्हणाले. "आत्ता. मासळीबाजारात त्याला कोणीही शोधून देईल."

"करायचा नाही."

"का? उद्या तिनं तो जाळला तर? तो माणूस कुठे जाईल, दम्याला घेऊन?"

"झोझेत, या टेबलावरचं बाहेर गेलं की उद्या कोणी टेबलावर काही ठेवणार नाही." ती पत्ते गोळा करत होती. "आणि तू सांगितलंस तर तो कागद तू दिलेला होईल. तिनं स्वतःहून तो द्यायचा राहूनच जाईल."

"तुझे नियम तुझ्याजवळ ठेव," मी म्हणाले. वाईट बोलले. पण फोनला हात लावला नाही.

ते दोन दिवस मी गिऱ्हाइकांचे केस नीट कापले नसावेत. एकीची बट तर मी इतकी वर घेतली की तिनं रविवारी चर्चला जायचं टाळलं. ओगुस्तीन आणि मी एकमेकींशी फक्त 'साबण संपलाय' एवढंच बोलत होतो. बुधवारी रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझा काय संबंध. मी त्याच्याकडे पाठ करून झोपले.

गुरुवारी चारच्या सुमाराला इव्हेत आली. पडद्याकडे गेली नाही. माझ्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "धुवा."

मी पाणी सोडलं. तिचं डोकं माझ्या हातात होतं आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. पडद्यामागे ओगुस्तीनची खुर्ची हलली, तीही ऐकत होती.

"दिला," इव्हेत छताकडे बघत म्हणाली. "नोटरीच्या टेबलावर ठेवला. लाझार शेजारीच होता. मला वाटलं, तो रडेल. मिठी मारील."

"मग?"

"त्यानं कागदाकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, 'डब्यात मीच ठेवला होता, इव्हेत. बाबांच्या समोर. तुझ्याच हाती लागेल अशा जागी. तीन महिने मी वाट बघतोय.'"

पाणी तसंच वाहत होतं.

"मी म्हटलं, आज दिला ना मी. तर म्हणाला, 'हो. आज नोटरी बसलाय समोर.' सही केली आणि निघून गेला."

मी नळ बंद केला. तिला थोबाडीत मारावीशी वाटली होती मला दोन दिवस, आणि आता तिचं ओलं डोकं हातात घेऊन मला रडू येत होतं. मी तिच्या केसांत पुन्हा साबण लावला. ते आधीच स्वच्छ झाले होते, पण तिनं मला थांबवलं नाही.