वास घालवलेलं पाणी

माझं नाक फार तिखट आहे. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या बाईचं नाक तिखट असू नये, पण ते नेमणुकीच्या आधी कुणी विचारत नाही. नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेत महिन्यातून एकदा गोदावरीच्या पाण्याचे नमुने यायचे, आणि त्या दिवशी मी सकाळपासून सगळ्यांवर खेकसत असे. नाल्याच्या तोंडाशी भरलेली बाटली उघडली की सडक्या अंड्यांचा असा भपका यायचा, की डब्यातली भाजी तशीच घरी परत जायची आणि घरी विचारपूस व्हायची.

नमुने भरून आणण्याचं काम आमच्या काकांकडे होतं. काका म्हणजे निवृत्तीला आलेला, साठीला टेकलेला, कमालीचा नीटनेटका माणूस. नोकरीत येण्याआधी त्यांची बसस्टँडजवळ चहाची टपरी होती. ती बंद होऊन तीस वर्षं झाली तरी काकांच्या हातून चहा काही गेला नव्हता. आमच्याकडे शिपाई रजेवर असला की काका चहा करायचे आणि एका पातेल्यातून दुसऱ्यात असा हातभर उंचीवरून ओतायचे, की नवीन आलेला माणूस आधी फाइल बाजूला घ्यायचा. एक थेंब कधी सांडला नाही.

तर मार्चमध्ये मी काकांवर ओरडले. "काका, असल्या बाटल्या माझ्या टेबलावर आणत जाऊ नका. माणूस मरेल वासानं. काहीतरी करा की!"

"बघतो मॅडम," काका म्हणाले. ते कधी वाद घालत नाहीत. मी लगेच विसरूनही गेले.

एप्रिलमध्ये नमुने आले आणि मी चकित झाले. वास नाही! असला तर अगदी बारीक, नळ सोडल्यावर येतो तेवढा. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायच्या बाटल्या वेगळ्या असतात. त्या भरल्या की नदीवरच त्यात दोन रसायनं घालायची. प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. मग इथे आणून नेमका किती ते मोजायचं. काकांच्या तिन्ही बाटल्या छान तपकिरी होत्या. शहराच्या वर लिटरमागे सात मिलिग्रॅम, म्हणजे निरोगी नदीइतका. नाल्याच्या तोंडाशी सात. सायखेड्याच्या अलीकडच्या एका गावापाशी तर सव्वासात.

मला शंका यायला हवी होती. आली नाही. डोकं दुखत नव्हतं, डबा संपला होता, जग सुंदर होतं. मी सही ठोकली.

ती सही नुसती सही नव्हती. सायखेड्याच्या अलीकडचं ते गाव नदीकाठच्या विहिरीतून पाणी उचलून, त्यात तुरटी आणि ब्लीचिंग घालून पीत होतं. धरणाच्या पाण्याची पाइपलाइन गावाच्या शिवेवरून गेली होती, तिला आपल्याला जोडून द्या, असा तिथल्या सरपंचबाईंचा अर्ज होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यावर बैठक होती. बाकीच्या चाचण्यांना तीन दिवस लागतात, त्यामुळे बैठकीत हाच एक कागद जाणार होता. आमचे साहेब तो वाचून इतके खूश झाले की खुर्चीतून उठलेच.

"बघा! नदी वाहता वाहता स्वतःला साफ करते, हे मी कॉलेजपासून सांगतोय. नाला कुठे, गाव कुठे. एवढ्या अंतरात झालीच की साफ! कशाला हवी पाइपलाइन?"

त्याच संध्याकाळी सरपंचबाई कागदाची प्रत घ्यायला आल्या. डोक्यावर पदर, हातात मोबाइल, आवाज गावातून नदीवरच्या पंपाच्या खोलीपर्यंत पोचेल असा. त्यांनी कागद वाचला आणि माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, हे आमच्या गावाचं नाय. सकाळी घाटावर मासं तोंड वर काढून धापा टाकत्यात. नदीवर पसरलेल्या पानवेलीखाली पाणी काळं हाय. अन् तुम्ही लिवलंय सव्वासात?"

"यंत्र खोटं बोलत नाही, ताई," मी म्हटलं. यंत्र वगैरे काही नव्हतं, काचेची नळी होती, पण असं म्हटलं की बरं वाटतं.

तेवढ्यात काका चहा घेऊन आले. सरपंचबाईंसमोर त्यांनी पातेलं उंच धरलं, लांबलचक धार सोडली, आणि मला मोठ्या प्रेमानं म्हणाले, "मॅडम, या टायमाला वास नाय आला ना बाटल्यांना?"

"नाही आला. काय केलंत?"

"हेच की! दोन बादल्या नेल्या व्हत्या. नदीचं पाणी या बादलीतून त्या बादलीत, उंचावरनं, आठ-दहा वेळा. वास निघून गेला की मग बाटली भरली. नाल्याचं जरा जास्त घोळवलं. लय वास त्याला."

मी कपाळाला हात लावला. सरपंचबाईंना कळेना काय झालं. काकांना तर शाबासकी हवी होती.

पाणी उंचावरून पडलं की हवा पोटात घेतं. बंधाऱ्यावरून फेसाळत उतरणारी नदी हेच करते, आणि तिचा गेलेला प्राणवायू थोडा थोडा परत येतो. तिला जे करायला मैलन् मैल लागतात ते काकांनी काठावर दोन बादल्यांत उरकलं होतं. मी तीन बाटल्यांतली नदी मोजली नव्हती, काकांचा हात मोजला होता. आणि काकांना तसं करायला लावणारी मीच होते. मला इतकी लाज वाटली की चहा थंड झाला तरी उचलवेना.

मी दोघांनाही सगळं सांगितलं. काका स्टुलावर बसले. सरपंचबाई मात्र हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग एकदम थांबल्या. "उद्या बैठकीत सांगाल का हे? का आमच्या गावानं हा कागद प्यायचा?"

मी सांगेन म्हटलं. रात्री जेवण गेलं नाही, ते वासानं नव्हे.

सकाळी सहाला आम्ही तिघं नदीवर होतो. बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा न शिरू देता, मी स्वतः भरली. वास आला, पोटभर आला, मी नाक धरलं नाही. नाल्यापाशी साका फिकट तपकिरी. गावापाशी दुधासारखा पांढरा.

काका चक्रावले. "घाण नाल्यात पडती. मग नाल्यापाशी जास्त खराब पायजे. गावापाशी कसं काय?"

"काका, पंगत बघितलीत ना? नाल्यापाशी पानं नुसती वाढलीत. मैल्यात खाण्याजोगं भरपूर, आणि ते खाणारे जंतू पाण्यात आहेतच. पण ते बसणार, जेवायला लागणार, वाढत जाणार, याला वेळ लागतो, तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. खाताना ते प्राणवायू वापरतात. पंगत ऐन रंगात येते ती गावापाशी."

"म्हंजी जेवणं आमच्या दारात," सरपंचबाई म्हणाल्या.

"हो. जेवण संपलं की हवेतून येणारा प्राणवायू खर्चापेक्षा जास्त होतो आणि नदी सावरते. साहेब म्हणतात ते खोटं नाही. पण मध्ये नवीन पान वाढायचं नाही, ही अट आहे. इथे सावरायच्या आत पुढचा नाला येतो. वर पानवेलीचं झाकण, हवा शिरत नाही, खाली ऊन पोचत नाही."

"अन् कारखान्याचं? ते हिरवट पाणी येतं कधीमधी?"

"मुलामा देणाऱ्या कारखान्यांतले धातू कुणीच खात नाही, ताई. ते पाण्यात विरळ होतात, गाळात बसतात, पण संपत नाहीत. उलट जेवणाऱ्यांनाच मारतात. ते कारखान्यातच अडवावं लागतं."

दुपारच्या बैठकीत साहेबांनी कागद हातात घेऊन नदीच्या पवित्र शक्तीवर बोलायला सुरुवात केली, तेव्हा मी उभी राहिले. "साहेब, तो कागद चुकीचा आहे. सही माझी आहे, चूकही माझीच."

साहेब म्हणाले, "मॅडम, बाहेर बोलू." मी म्हटलं, "बाहेर बादल्या मावतील, पण सगळ्यांना दिसणार नाही."

गावापासचं पाणी काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून आम्ही कॅनमधून आणलं होतं. मी नळी बाटलीच्या तळाशी नेऊन एक बाटली हळूच भरली. मग काका पुढे झाले. शर्टाच्या बाह्या दुमडून, दोन बादल्या घेऊन, बैठकीच्या गुळगुळीत टेबलाशेजारी त्यांनी अशी काही धार सोडली की एका अधिकाऱ्यानं नकळत कप पुढे केला. वासानं तीन जण खिडकीकडे गेले. दहाव्या फेरीनंतर दुसरी बाटली भरली. मी दोन्हींत रसायनं घातली.

एकीत पांढरा साका बसला. दुसरीत तपकिरी.

"पाणी एकच," मी म्हटलं. "गाव पितं ते हे पांढरं. तपकिरी आमच्या काकांनी केलंय. प्रत्येक घरात काका देता येणार असतील तर पाइपलाइन नको."

हसणारे पहिले साहेबच होते, हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. नंतर त्यांनी मला लेखी खुलासा मागितला, हेही खरं. जोडणीच्या कागदावर मात्र त्याच दिवशी मंजुरीचा शेरा पडला.

नदीचं काही झालं नाही. नाले तसेच आहेत, नमुने दर महिन्याला येतात, आणि आता मी बाटली उघडून आधी वास घेते. वास नसला तर मला धडकी भरते.

दिवाळीनंतर काकांनी एक कॅन टेबलावर ठेवला. मी झाकण काढलं, नाक लावलं. काहीच नाही. माझं डोकं फिरलं. "काका! किती वेळा ओतलंत?"

"एकदाबी नाय, मॅडम." काका दुखावले. "सरपंचबाईंनी धाडलंय. नवीन नळाचं."

मी सगळ्या चाचण्या केल्या, जंतूंच्यासुद्धा. तीन दिवसांनी सगळे निकाल हातात आले, तेव्हा मी ते वाचता वाचता रडले, आणि काकांना सांगितलं की डोळ्यात रसायन गेलं. मग त्यांनी त्याच नळाच्या दुसऱ्या, न उघडलेल्या कॅनचा चहा केला, पातेलं डोक्याच्या वर नेलं आणि धार सोडली. या वेळी मी कप पुढे केला.