कानडी पानावरचा हेडर

हुमनाबादच्या त्या ऑफिसात मी पहिल्यांदा फिगमाची, म्हणजे ॲपच्या स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरची, फाईल उघडली तेव्हा मला जे वाटलं, त्याला किळस हाच शब्द आहे. ‘माल घ्या’ हे एकच बटण त्या फाईलमध्ये अकरा प्रकारचं होतं. कुठं उंची चव्वेचाळीस पिक्सेल, कुठं एकोणपन्नास, एका ठिकाणी साडेसत्तेचाळीस. हिरवा रंग चार छटांचा. स्क्रीनच्या कडेपासून मजकुराचं अंतर कधी तेरा, कधी सतरा, कधी शून्य. लेयरची नावं ‘फ्रेम १’पासून सुरू होऊन ‘फ्रेम ८४२’वर थांबत होती.

त्याआधी मी कलबुर्गीला एका दैनिकात पानं लावत असे. तिथं दोन स्तंभांमधलं अंतर कुणी बदललं तर रात्रपाळीचा उपसंपादक त्याची आई काढायचा. इथं कुणालाच काही वाटत नव्हतं.

ऑफिस हमरस्त्याला लागून, सुट्या भागांच्या दुकानाच्या माडीवर होतं. आम्ही चौघं. मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या घरी पूर्वापार ट्रान्सपोर्टचा धंदा. ॲप लिहिणारी एक मुलगी, जी रोज बसवकल्याणहून बसनं येई. माझ्याबरोबर स्क्रीन बनवणारा एक जण, ज्यानं आधी बसस्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान चालवलं होतं. आणि मी. ॲपचं काम सोपं होतं: पुण्याहून किंवा हैदराबादहून रिकामी परतणाऱ्या लॉरीला वाटेतला माल दाखवायचा. मराठी, हिंदी आणि कानडी, तीन भाषांत.

अण्णांनी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं. लॉरीमालकांच्या संघटनेनं ॲप घेतलं तर कोडचं काम इथंच राहील. नाही घेतलं तर ते हैदराबादच्या एका कंपनीकडे जाईल. हे वाक्य त्या मुलीसाठी होतं. तिच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बिदरला न्यावं लागे. अण्णा ते दिवस तिला सोडत; बदल्यात ती रविवारी येई. अशी नोकरी तिला दुसरीकडे मिळाली नसती आणि हैदराबादला ती जाऊ शकत नव्हती.

मी कंपोनंट बांधायला घेतले. कंपोनंट म्हणजे मूळ नग. बटण एकदाच बनवायचं आणि प्रत्येक स्क्रीनवर त्याची प्रत ठेवायची, जिला फिगमा इन्स्टन्स म्हणतं. मूळ बटण बदललं की सगळ्या प्रती बदलतात. बटणाला ऑटो लेआउट दिला, म्हणजे मजकूर लांबला की बटण आपोआप रुंद होतं आणि आतली मोकळी जागा तेवढीच राहते. अंतरांचे सहाच आकडे ठरवले: चार, आठ, बारा, सोळा, चोवीस, बत्तीस. त्यांची व्हेरिएबल केली, म्हणजे प्रत्येक आकड्याला नाव दिलं, आणि आतल्या प्रत्येक मोकळ्या जागेला, दोन नगांमधल्या प्रत्येक अंतराला ती जोडली. कडेपासून सोळा. एका गटातल्या दोन ओळींत आठ. दोन गटांत चोवीस. बटण अठ्ठेचाळीसपेक्षा बुटकं नाही, कारण दाबणारा अंगठा लॉरी चालवणाऱ्याचा.

फ्लेक्सवाल्याला हे बघवेना.

“साहेब, एवढी जागा रिकामी कामून सोडायलाव?”

“वाचता यावं म्हणून.”

“आमच्याकडं रिकामी जागा दिसली की गिऱ्हाईक म्हणायचं, हितं माझ्या मेव्हण्याचा फोटो बसव की.”

तो थट्टा करत नव्हता. फ्लेक्सवर मोकळी जागा म्हणजे कुणीतरी विसरलेला माणूस, हे त्याच्या हाताला माहीत होतं. मी घरी गेलो की तो इन्स्टन्सवर उजवी क्लिक करून ‘डिटॅच’ करी. डिटॅच केलं की प्रत मूळ नगापासून तुटते आणि साधी फ्रेम उरते. हवी तशी ताणा. तो ताणायचा. सकाळी लेयरच्या यादीत जोडलेल्या प्रतीच्या जांभळ्या चौकोनी खुणेच्या जागी काळी फ्रेमची खूण दिसली की मला शिसारी येई.

हे पहिल्यांदा त्या मुलीच्या लक्षात आलं. ती डेव्ह मोडमध्ये, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांना मापं दाखवणाऱ्या खिडकीत, प्रत्येक अंतर तपासून कोड लिही. जोडलेलं असलं की तिथं व्हेरिएबलचं नाव दिसे. तुटलेलं असलं की नुसता आकडा.

“सर, हे तेरा कुठून आलं? आपल्यात तेरा न्हाई ना?”

मी फ्लेक्सवाल्याला तिच्यासमोर झापलं. त्यानं ताणलेल्या चौदा स्क्रीन त्यालाच पुन्हा जोडायला लावल्या. तो मान खाली घालून दोन दिवस तेच करत बसला आणि अधूनमधून म्हणे, “पेपरवाल्याच्या हाताखाली कुणी पडू न्हाई बाबा.”

मग अण्णांना संघटनेच्या अध्यक्षांचा फोटो हवा झाला. हरेक स्क्रीनवर, वर, हार घातलेला. लॉरीच्या ॲपमध्ये माल शोधणाऱ्याला अध्यक्षांचा चेहरा कशाला, असं मी विचारलं.

“माल शोधणारा ॲप घेणार न्हाई. अध्यक्ष घेणार हाय,” अण्णा म्हणाले.

 मी हेडरच्या, म्हणजे स्क्रीनच्या माथ्यावरच्या पट्टीच्या, कंपोनंटमध्ये गोल फोटो बसवला. एकदा बसवला, सगळीकडे आला. काम नीट झालं म्हणून मला जरा बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचा वीटही आला.

कानडी स्क्रीन मी फाईलमध्ये वेगळ्या पानावर ठेवल्या होत्या. ‘माल नक्की झाला’ या स्क्रीनचं कानडी शीर्षक दोन ओळींत जात होतं. मी हेडरची उंची छप्पन्नवर बांधून टाकली होती, त्यामुळं दुसरी ओळ अर्धी कापली जाई. योग्य उपाय होता मूळ हेडरची उंची मोकळी करणं, मजकुराप्रमाणे वाढू देणं. त्यासाठी बाकीच्या सगळ्या स्क्रीन पुन्हा पाहाव्या लागल्या असत्या. दुपारचे दोन वाजले होते, जेवायचं राहिलं होतं. मी त्या एका हेडरवर उजवी क्लिक केली, डिटॅच केलं आणि तो बहात्तरपर्यंत ओढला.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “सर, कानडी पानावर हा हेडर बहात्तर हाय. मुद्दाम हाय का?”

“राहू दे. नंतर जोडतो.”

तिनं विश्वास ठेवला आणि त्या स्क्रीनचा हेडर कोडमध्येही वेगळा लिहिला.

संघटनेपुढच्या चाचणीला तीन दिवस असताना संघटनेचे अध्यक्ष बदलले. जुने आणि नवे एकमेकांच्या लग्नकार्यालाही जात नव्हते. अण्णा जिना चढून धापा टाकत आले.

“फोटो काढा. नवा बी लावू नका. कुणाचाच नको.”

मी मूळ हेडरमधला फोटोचा लेयर पुसला. पानावरच्या सगळ्या स्क्रीनवरून जुने अध्यक्ष एका क्षणात गेले. शीर्षकं डावीकडे सरकून नीट बसली. फ्लेक्सवाला मागं उभा होता. “फ्लेक्स असता तर बोंबललो असतो,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्या कामाकडे आदरानं बघितलं. मी मराठी पान तपासलं, हिंदी पान तपासलं. कानडी मला बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. कानडी पान मी उघडलंच नाही. तिनं कोडमधल्या मूळ हेडरमधून फोटो काढला आणि ॲप नव्यानं तयार केलं.

चाचणी हमरस्त्यावरच्या ढाब्यात झाली, भर दुपारी. नवे अध्यक्ष, पाच-सहा लॉरीमालक, आम्ही चौघं. अध्यक्षांनी आपला फोन पुढं केला. तिनं ॲप बसवलं. फोन कानडीत होता, म्हणून ॲपही कानडीत उघडलं. त्यांनी परतीचा माल शोधला, तीन लोड दिसले, एक उघडला, बटण दाबलं. अंगठा कुठंही अडला नाही. मग ‘माल नक्की झाला’ची स्क्रीन आली आणि वर, हार घालून, जुने अध्यक्ष हसत होते.

 मग एक लॉरीमालक वाकून बघत म्हणाला, “अध्यक्ष, तुमी घेतलेला माल बी त्यांच्याच आशीर्वादानं मिळायलाय बघा.”

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. “ह्येला हितं कामून बसवलंय?” त्यांनी अण्णांना विचारलं, फोन कांद्याच्या ताटलीशेजारी पालथा ठेवला आणि हात धुवायला उठले. ॲप कसं चालतं, माल बरोबर दिसला का, यावर त्या टेबलावर नंतर एक शब्द निघाला नाही.

परत येताना गाडीत अण्णांनी विचारलं, “कोड कुणी लिहिलं?”

“मी लिहिलं अण्णा,” ती म्हणाली.

मी पुढच्या सीटवर होतो. ढाब्यापासून ऑफिसपर्यंत दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत मी तोंड उघडलं नाही. इतरांच्या घाणेरड्या फाईलींबद्दल मी आजवर जे जे बोललो, ते सगळं एकत्र केलं तरी त्या दहा मिनिटांइतकं घाण भरणार नाही.

ऑफिसात तिनं माझ्या मशीनवर कानडी पान उघडलं. हेडरवर क्लिक केलं. काळी खूण.

फ्लेक्सवाला लगेच म्हणाला, “साहेब, हे माझं न्हाई हां. आईशप्पथ.”

तिनं व्हर्जन हिस्टरी उघडली. कुठल्या दिवशी कुणी बदल केला, ते तिथं नावानिशी दिसतं. तिनं नाव वाचलं, वाचून दाखवलं नाही, आणि खिडकी बंद केली.

मी अण्णांच्या टेबलापाशी गेलो आणि सांगितलं: चूक माझी, तिनं मला विचारलं होतं, मी टाळलं. अण्णा फोन खाली ठेवत होते. हैदराबादला बोलून झालं होतं.

“तुमी पेपरवाले,” ते म्हणाले. “तुमची चूक दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात छापली की मिटती. माझी संघटना गेली. हिचा पगार मी कशावर देऊ?”

तिला महिनाअखेरपर्यंत ठेवलं. त्या दिवसांत मी हेडर दुरुस्त केला. मूळ कंपोनंटची उंची मोकळी केली, कानडी स्क्रीनवर इन्स्टन्स ठेवला, तिन्ही पानं तपासली. एकूण वीस मिनिटं गेली. कंपोनंटची यादी, अंतरांचे नियम, नावं, सगळं हैदराबादच्या लोकांसाठी लिहून काढलं. त्यांना फाईलचा प्रवेश पाठवला. त्यांच्याकडून उत्तर आलं की फाईल नको, स्क्रीनची नुसती चित्रं पाठवा, आमची माणसं बघून नव्यानं बनवतील. म्हणजे पुन्हा अकरा बटणं. पुन्हा तेरा आणि सतरा.

तिचा शेवटचा दिवस होता. मी फाईलमधून स्क्रीनची चित्रं काढायला बसलो तेव्हा ती शेजारी खुर्ची ओढून बसली.

“अक्का, आता तुमाला काय करायचंय त्याचं?” फ्लेक्सवाला म्हणाला. “जाऊ द्या की.”

तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

“सर, आकार दोन पट करून काढा,” ती म्हणाली. “एक पट काढलं की कानडी अक्षरं फुटत्यात. त्यांना वाचता तरी येऊ दे.”