बाय कुठून गेले

एकोणीसशे अठ्ठावन्न. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळ. परळच्या मैदानावर आमच्या मिलच्या क्रिकेट संघाची निवड समिती. हजर: लेबर ऑफिसर साहेब (अध्यक्ष), कप्तान, मी (सेक्रेटरी आणि स्कोअरर). बोलावल्यामुळे हजर, पण बैठकीच्या बाहेर झाडाखाली: विकेटकीपर. गैरहजर: डावखुरा फिरकी गोलंदाज.

ही शेवटची नोंद मी हाताच्या सवयीने केली. डावखुरा त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस टायफॉइडने गेला होता. कप्तानाने ती वाचली आणि कागद उलटा ठेवला. मला खोडायला सांगितलं नाही. मीही खोडली नाही.

विषय एकच होता: कीपर संघात राहणार की जाणार. तो कापडाच्या घड्या घालणाऱ्या फोल्डिंग खात्यात बदली कामगार होता. म्हणजे रोज सकाळी गेटावर उभं राहायचं, कुणी रजेवर असेल तर काम, नाहीतर लालबागच्या खोलीवर परत. पहिल्या अकरात असलेल्या बदल्यांना मोसमाच्या शेवटी कायम करून घेण्याचा आमच्याकडे रिवाज होता. घरी आई, बायको, नुकती झालेली मुलगी. त्याची जागा गेली असती तर ग्लोव्हजबरोबर नोकरीही गेली असती, हे बैठकीतल्या तिघांनाही माहीत होतं आणि झाडाखाली बसलेल्यालाही.

साहेब शिस्तीचे. त्यांनी विचारलं ते सरळ: कॅच किती, स्टंपिंग किती, बाय किती.

कॅच गेल्या वर्षी या सुमारापर्यंत होते तितकेच होते. गेल्या वर्षी स्टंपिंग कॅचपेक्षा जास्त होते, यंदा एकही नव्हतं. बाय मात्र दुपटीच्या वर गेले होते. विणाई खात्यातला दुसरा एक कीपर तयार होता. तो स्पिनरलाही चार पावलं मागे उभा राहायचा आणि त्याच्याकडून बाय जवळजवळ जातच नसत. साहेबांच्या दृष्टीने हिशेब तिथेच संपला होता.

मी एक आठवडा मागितला. साहेब म्हणाले, घ्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: फलंदाज क्रीज सोडून पुढे आला, चुकला आणि कीपरने स्टंपवरची बेल उडवली, तर ते स्टंपिंग. बॉल बॅटला किंवा अंगाला न लागता कीपरच्याही मागे गेला आणि धावा काढल्या, तर त्या बाय. पॅडला लागून गेला तर तो लेग बाय, त्यात कीपरचा दोष नाही. बाय गोलंदाजाच्या नावावर चढत नाहीत. स्कोअरबुकात ते संघाच्या बेरजेत जाऊन बसतात आणि कुणाच्या बॉलवर गेले हे तिथे दिसत नाही. मला हे कधीच पटलं नव्हतं. म्हणून मी बाय गेला की गोलंदाजाच्या चौकोनात बारीक टिंब देत असे. ऑफला गेला तर टिंब वर, लेगला गेला तर खाली.

मंगळवारी घरी बसून टिंबं वेगळी केली. फास्ट बोलरच्या चौकोनांत एकही नाही. यंदाची टिंबं सगळी डावखुऱ्याच्या जागी आलेल्या नव्या ऑफस्पिनरच्या चौकोनांत, आणि सगळी खाली.

डावखुऱ्याचा बॉल उजव्या फलंदाजापासून दूर वळायचा, ऑफ स्टंपच्या बाहेर. कीपरला तो शेवटपर्यंत दिसतो. नव्या ऑफस्पिनरचा बॉल आत येतो, पायांकडे. मध्ये फलंदाजाचं सगळं शरीर, कीपर क्षणभर आंधळा. तिथे त्याने लेगला सरकायला हवं. आमचा कीपर सरकत नव्हता. का, ते मी पुढच्या नेटला पाहिलं.

प्रत्येक षटकाआधी तो बुटाच्या खिळ्याने काथ्याच्या मॅटच्या कडेला मातीत एक रेघ ओढायचा. बसायची जागा. ऑफ स्टंपच्या थोडी बाहेर, नेमकी डावखुऱ्यासाठीची. मग दोन बोटं बेलवर टेकवायचा. ती त्याची आणि डावखुऱ्याची खूण: फलंदाज पुढे येतोय, जरा बाहेर टाक. दोघे एकाच चाळीतले. गॅलरीत रबरी चेंडूने खेळत मोठे झालेले. समोरून ऑफस्पिनर धावत यायचा, त्याला त्या खुणेतलं काहीही कळत नसे.

नेट संपल्यावर मी कीपरला रेघ दाखवली.

तो म्हणाला, "कोणी काढली?"

"तूच."

त्याने वाकून पाहिलं. शेजारी आणखी रेघा होत्या, एकीवर एक. त्याने बुटाच्या टाचेने माती सारखी केली आणि ग्लोव्हज काढू लागला. मग हळूच म्हणाला, "बॉल हातातून सुटतो ना, तेव्हा पण मला त्याचाच वाटतो. वळल्यावर कळतं की हा दुसऱ्याचा."

मी नेट गुंडाळायला घेतलं.

पुढच्या बैठकीत मी टिंबं मांडली. कप्तान म्हणाला, म्हणजे कीपर वाईट नाही, कीपर अजून सुतकात आहे. साहेबांनी ऐकून घेतलं आणि तोडगा काढला: रविवारच्या सामन्यात त्याने स्पिनरलाही मागे उभं राहायचं. बाय थांबले तर तो राहील. तोडगा अन्यायाचा नव्हता. कीपरने मान हलवली. बाहेर आल्यावर कप्तान त्याला म्हणाला, "मागे उभा राहा की. उद्या कायम झालास की खुर्ची पण देऊ."

रविवारी समोर एका बँकेचा संघ. सामना उशिरा सुरू झाला, कारण आमचे निम्मे खेळाडू दादरच्या सभेच्या प्रभात फेरीत होते आणि एक पंचही. मैदानाच्या भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे दोन पुरुष उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं. त्यातला 'झालाच' डावखुऱ्याने स्वतः रंगवला होता. फेऱ्यांत घोषणा देऊन त्याचा आवाज कायम बसलेला असे. अपील तो दोन्ही हात वर करून, मुक्यासारखं करायचा, आणि आवाज कीपरने द्यायचा.

नवा ऑफस्पिनर आला. कीपर चार पावलं मागे. बाय एकही नाही. पण दुसऱ्याच षटकात बँकेचा फलंदाज क्रीज सोडून पुढे आला. चुकला तरी मागे कुणी नाही, हे त्याला दिसत होतं. बॉल पडायच्या आत उचलून मारला, तो त्याच मैदानावर शेजारी चाललेल्या दुसऱ्या सामन्यात जाऊन पडला. तिथले लोक ओरडले. मी समासात नवी खूण सुरू केली: फलंदाज क्रीज सोडून पुढे आला की छोटी आडवी रेघ. पाहता पाहता समास भरत आला. साहेब माझ्या शेजारीच खुर्चीवर होते. त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं. ते म्हणाले, "बाय शून्य आहेत ना?"

शून्यच होते.

आणखी एक बॉल सीमेपार गेला. ऑफस्पिनर षटकाच्या मध्येच खेळपट्टी ओलांडून कीपरपर्यंत चालत आला. वीस-एकवीस वर्षांचा, मितभाषी पोरगा. तंबूपर्यंत त्याचा आवाज आला.

"दादा, पुढे या ना. मी एकटाच खेळतोय असं वाटतंय."

कीपरने कप्तानाकडे पाहिलं. कप्तान स्लिपमध्ये होता. त्याने साहेबांकडे पाहिलं नाही, दुसरीकडे पाहिलं. कीपर चालत स्टंपांपाशी आला आणि सवयीने पाय उचलला. तो तसाच थांबला. रेघ ऑफला ओढण्याआधी पाय खाली ठेवला, थोडा आत सरकला आणि तिथे रेघ ओढली. मिडलच्या मागे. बेलला बोटं लावली नाहीत.

पहिलाच बॉल लेगला गेला आणि सीमेपार. चार बाय. साहेबांनी पेन्सिल मागून घेतली आणि स्वतःच्या कागदावर चार लिहिले. मी माझं टिंब खाली दिलं.

त्यानंतर फलंदाज पुढे यायचा थांबला. त्याला मागे श्वास ऐकू येत असावा. पाय एकदा उचलला, अर्धा, परत ठेवला. कीपरने बेल उडवली, पण पाय आत होता, नाबाद. अपील कीपरने एकट्याने केलं. समासातल्या आडव्या रेघा तिथे थांबल्या, पुढचा समास कोरा. क्रीजमध्ये अडकलेला तो फलंदाज त्याच पोराच्या आत येणाऱ्या बॉलवर पायचीत झाला. त्याच्यानंतरचा त्रिफळाचीत. दोन्ही बळी गोलंदाजाच्या नावावर. कीपरच्या नावावर त्या दिवशी काय? कॅच नाही, स्टंपिंग नाही, बाय चार.

सामना आम्ही हरलो, थोडक्यात.

बैठक तंबूतच झाली. मी समास साहेबांसमोर ठेवला. अलीकडे रेघा, पलीकडे कोरं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हे वर कळवताना कोणत्या रकान्यात लिहायचं?" मी म्हणालो, रकाना नाही. ते म्हणाले, मग रकाना असलेलं काहीतरी द्या, मी सही करतो. कीपर राहिला.

रकाना असलेलं म्हणजे दोन वर्षांचे एकत्र आकडे. त्यात यंदाचं शून्य गेल्या वर्षीच्या स्टंपिंगांखाली झाकलं गेलं. तो कागद वर गेला आणि मोसम संपल्यावर कीपर फोल्डिंगमध्ये कायम झाला.

पेढे घेऊन तो माझ्या टेबलाशी आला. मिलचे भोंगे वाजत होते म्हणून जवळ वाकून बोलला.

"त्या कागदावरचे स्टंपिंग. त्यातले त्याचे किती आणि माझे किती, तेवढं काढून दे. मी त्याच्या आईला पेढे द्यायला चाललोय. लोक तिला सांगतात, पोराने विकेट काढल्या. माझ्या नोकरीत त्याचे किती हे कुणीच सांगितलं नाही."

मी म्हणालो, काढतो. मला वाटलं संध्याकाळचं काम आहे.

कागद घेतला, मधे उभी रेघ मारली, एका बाजूला डावखुरा, दुसऱ्या बाजूला कीपर. जुन्या स्कोअरबुकांतून एकेक स्टंपिंग आठवून पाहिलं. एकात फलंदाज उंच टाकलेल्या बॉलला फसला आणि कीपरला काही करायचंच नव्हतं. ते डावखुऱ्याचं. एकात फलंदाजाचा पाय नुसता हवेत होता, ते कीपरच्या हातांचं. मग खुणेने मिळालेले आले. बेलवर बोटं, बॉल बाहेर, फलंदाज पुढे, बेल खाली. आधी कोणी काय केलं? फलंदाजाचा पाय उचलला जाताना कीपरने पाहिला म्हणून बॉल तिथे पडला, की बॉल तिथे पडणार म्हणून त्याने बोटं टेकवली? दोघांपैकी एकालाच विचारता येण्यासारखं होतं, आणि त्याला मी विचारलं. तो म्हणाला, ते त्यालाच माहीत.

माझ्या कामाच्या यादीत बाकी काही राहत नाही. राहिलेलं मी दर महिन्याला वर आणतो आणि संपवतो. हे एक वीसेक वर्षं वर येतं आणि तसंच खाली जातं. डावखुऱ्याची आई चाळीतच आहे, आता ऐकू कमी येतं. कीपरच्या मुलीचं लग्न या मे महिन्यात झालं. मांडवात त्याने मला पानाचा विडा दिला, हात थोडा जास्त वेळ धरून ठेवला आणि काही विचारलं नाही.

उभी रेघ मारलेली आहे. दोन्ही बाजू भरायच्या बाकी आहेत.