डॉक्टर मानसिंगराव आणि न चुकणारं यंत्र

बारामतीच्या डॉक्टर मानसिंगरावांना दोन गोष्टी मनापासून आवडायच्या. एक म्हणजे रोग्याची नाडी बघणं आणि दुसरी म्हणजे सत्कार. उमेदीच्या काळात पहिली जास्त आवडायची. पुढे दवाखान्याचं हॉस्पिटल झालं, पोट जरा पुढे आलं आणि दुसरीनं पहिलीवर मात केली. त्यांच्या कपाटात शाली इतक्या झाल्या होत्या की बायको त्यातल्याच शाली पाहुण्यांना आहेरात द्यायची, आणि एकदा तिनंच दिलेली शाल फिरून डॉक्टरांच्याच खांद्यावर आली होती.

अशा माणसाच्या हाती शहाण्णव साली ईसीजीचं नवं यंत्र आलं. नुसतं यंत्र नव्हे, कॉम्प्युटरचं यंत्र! जुन्या यंत्रात कागदावर रेघा उमटायच्या आणि त्या डॉक्टरला वाचाव्या लागायच्या. हे मात्र रेघा काढून खाली इंग्रजीत निकालही छापून द्यायचं. उद्घाटनाला सगळ्यांचा सत्कार झाला. डॉक्टरांनी यंत्र घेतलं म्हणून डॉक्टरांचा, पुण्याच्या विक्रेत्यानं विकलं म्हणून विक्रेत्याचा, कंपनीच्या माणसानं बसवलं म्हणून त्याचा. यंत्रालाही हार घातला. हाराची फुलं बटणांवर पडली ती कंपाउंडर सोपाननं फुंकून काढली, तेवढा सोपानच काय तो सत्काराशिवाय राहिला.

डॉक्टरांनी स्वतः बसून एका साप्ताहिकासाठी जाहिरात लिहिली. ‘न चुकणारं कॉम्प्युटर निदान! डॉक्टर असोत वा नसोत, सेवा हजर!’ शेवटच्या ओळीवर ते इतके खूश झाले की बायकोला दोनदा वाचून दाखवली. सोपानलाही त्यांनी ठरवून दिलं, ‘नॉर्मल’ छापून आलं की पेशंटला घरी जाऊ द्यायचं, दुसरं काही आलं तर मला बोलवायचं.

एका दुपारी कन्हेरीचे तात्याबा आले. छातीत जळजळ, अंगाला घाम, डाव्या खांद्याला कळ. तात्याबा म्हणजे डॉक्टरांच्या वडिलांच्या बांधाला बांध असलेला माणूस, मानसिंगला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेला. पण मानसिंग त्या वेळी भिगवणला होता. ग्रामीण भागात कॉम्प्युटर आणल्याबद्दल तिथं त्याचा सत्कार चालू होता. सोपाननं तारा लावल्या, बटण दाबलं. खाली छापून आलं, नॉर्मल. सोपान म्हणाला, “तात्या, कॉम्प्युटर म्हनतोय काय न्हाय. ॲसिडिटी हाय. जावा घरी.”

तात्याबा घरी गेले आणि संध्याकाळी अंगणात कोसळले. गाडी करून पुण्याला नेलं. जीव वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कधी उसाची मोळी दुसऱ्याला उचलू दिली नाही, त्याला आता पाण्याची बादली उचलायची बंदी झाली.

त्यांची बायको प्रयागबाई इंदापूरच्या वकील ज्योत्स्नाताईंकडे गेली. आदल्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की पैसे घेऊन केलेली डॉक्टरकी हीसुद्धा सेवा आहे आणि तिच्यातल्या हयगयीची दाद ग्राहक मंचात मागता येते. ताईंनी पुण्याच्या जिल्हा मंचात तक्रार दाखल केली. विरुद्ध पक्ष तीन: डॉक्टर, विक्रेता आणि कंपनी.

नोटीस आली तेव्हा डॉक्टर खरोखर दुखावले. “मी काय केलं? मी तर तिथं नव्हतोच!” असं ते भेटेल त्याला सांगू लागले. हा आपला बचाव नसून हाच आपला गुन्हा आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला जवळजवळ दोन वर्षं जावी लागली.

मंचापुढे मग सुरू झाली टोलवाटोलवी. डॉक्टर म्हणाले, यंत्र चुकलं. विक्रेता म्हणाला, मी खोकं विकलं, आतलं डोकं कंपनीचं. कंपनीनं लिहून दिलं की प्रत्येक कागदाच्या तळाशी छापलेलंच असतं, ‘हा निकाल डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ग्राह्य धरू नये.’ ती बारीक अक्षरातली ओळ हॉस्पिटलात कुणी वाचली नव्हती, कारण तिच्यावर डॉक्टरांच्याच नावाचा शिक्का बसायचा. उद्घाटनाला एकमेकांच्या खांद्यावर शाली घालणारे हे तिघं आता एकमेकांच्या गळ्यात घोंगडं अडकवत होते.

डॉक्टरांच्या वकिलांनी हळूच सुचवलं, “सोपानवर ढकलू. तारा चुकीच्या लावल्या म्हणू.” डॉक्टरांनी एक दिवस विचार केला, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं, पण माणूस काही देव नव्हे. मग ते हो म्हणाले. मंचाच्या अध्यक्षांनी ते वाचून विचारलं, “सोपानला नोकरीवर कुणी ठेवलं? घरी सोडायचा हुकूम कुणाचा?” नोकरानं मालकाच्या कामात केलेली चूक कायद्यानं मालकाच्याच पदरात पडते. म्हणजे ढकलून ढकलून गाडा पुन्हा डॉक्टरांच्याच दारात येऊन थांबला. इकडे सोपान मात्र त्या दिवसापासून डॉक्टरांशी कामापुरतंच बोलू लागला.

पुण्याच्या एका हृदयरोगतज्ज्ञानं शपथपत्रावर सांगितलं की कागदावर एका ठिकाणी रेघ जरा उचललेली आहे, झटक्याची ती खूण यंत्राच्या नजरेतून सुटली. पण हार्ट ॲटॅकच्या सुरुवातीला कागद कधी साफ नॉर्मलही असतो. अशी लक्षणं असलेल्या रोग्याला कुठलाही साधा डॉक्टर थांबवून घेतो आणि थोड्या वेळानं पुन्हा कागद काढतो. शेवटी ज्योत्स्नाताईंनी जाहिरात पुढे ठेवली. ‘डॉक्टर असोत वा नसोत’ ही ओळ अध्यक्षांनीही दोनदा वाचली, पण खूश होऊन नव्हे.

निकाल लागला. यंत्र हे डॉक्टरचं साधन आहे, डॉक्टर नव्हे. निर्णयाची जबाबदारी साधनावर सोपवता येत नाही. भरपाई डॉक्टरांनी द्यावी. विक्रेता आणि कंपनी सुटले, कारण तात्याबांनी त्यांच्याकडून काही घेतलं नव्हतं आणि इशारा तर छापलेलाच होता. ‘मग मी कंपनीवर ग्राहक म्हणून जातो,’ असं डॉक्टर तावातावानं म्हणाले. वकील म्हणाले, “धंद्यासाठी घेतलेल्या मालाचा ग्राहक कायद्याच्या लेखी ग्राहक नसतो, डॉक्टरसाहेब. दिवाणी दावा लावा. पण करारावर सही करताना वाचलंत ना? नुकसानीची जबाबदारी कंपनीची नाही, असं कलम आहे त्यात.” डॉक्टरांनी वाचलं नव्हतं. सही मात्र फोटोसाठी दोनदा केली होती.

राहिलं अपील. राज्य आयोगाकडे जायला महिनाभराची मुदत होती. बारामतीत डॉक्टरांचं नाव गेलं होतं आणि ते परत मिळवायचा हा एकच रस्ता त्यांना दिसत होता. कागद तयार झाले. पण त्याआधी त्यांना एक गोष्ट बोलून दाखवायची होती, म्हणून ते सरळ कन्हेरीला गेले. तात्याबा ओट्यावर बसले होते. प्रयागबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्या आत गेल्या.

“तात्या,” डॉक्टर उभ्याउभ्याच म्हणाले, “चुकलं ते यंत्र. बनवलं ते कंपनीनं. आणि घरच्या माणसाला तुम्ही मंचात खेचलंत?”

तात्याबांना दम लागत होता. ते थांबून थांबून बोलले. “मानसिंगा, वकीलबाईला मी पयलं हेच इचारलं. म्हनलं, केस मशीनवर करा, पोराला सोडा. त्या म्हनल्या, मशीनला उभं करता येत न्हाय. मग म्हनलं कंपनीवर करा. तिच्यावरबी केली. पर कंपनीला कुनी बघितलंय? तिला काय वाटायचंय?” त्यांनी श्वास घेतला. “तुला वाटंल म्हनून तुझं नाव पयलं घातलं. दोन वरसं वाट बघतोय, तू कवा येऊन इचारशील, तात्या, कसं हाय. आज आलास, तर मशीनचंच सांगतोयस.”

डॉक्टर ओट्यावर बसले. मग त्यांनी तात्याबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “तात्या, चूक माझी.”

अपिलाची मुदत तशीच निघून गेली.